बाबांचा फ्लॅट विकला, टॅक्स किती? एका मेसेजचं पूर्ण प्रकरण

डिसेंबर २०२४ मध्ये एका ताईंचा मेसेज आला. "दादा, नौपाड्यातला बाबांचा फ्लॅट विकतोय, ९० लाखाला ठरलाय, टॅक्स किती बसेल ते सांगा ना, टोकन घेतलंय." बस एवढंच. मी ठाण्यात रिटर्न भरायचं काम करतो, असे मेसेज महिन्याला चार-पाच तरी येतात, आणि प्रत्येक वेळी पलीकडच्या माणसाला वाटतं की आपण सगळं सांगितलंय, किंमत सांगितली म्हणजे आता आकडा यायला काय हरकत आहे. म्हणून हे एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून ठेवतोय. आकडे गोल केलेत आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, पण हिशोब खरा आहे.

मला मेसेज करायच्या आधी ताईंनी घरच्या ग्रुपवर विचारलं होतं आणि तिथून तीन उत्तरं आली होती. मामेभाऊ म्हणाला २० टक्के, पण इंडेक्सेशन मिळतं, म्हणजे महागाईच्या हिशोबाने खरेदी किंमत वाढवून धरतात. मुलाच्या ऑफिसातला कोणी म्हणाला ते जुनं झालं, आता सरळ साडेबारा टक्के, इंडेक्सेशन बंद. आणि न्यू जर्सीहून धाकट्या भावाचा मित्र म्हणाला की वारशाने आलेल्या घरावर काहीच लागत नाही, किंमत मृत्यूच्या तारखेची धरतात. ताई बिचाऱ्या वैतागल्या होत्या, त्यांना वाटत होतं की यातला एक बरोबर आणि दोन जण उगाच बोलतायत. खरं तर तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. मामेभावाने स्वतःचं घर २०२२ ला विकलं होतं, त्याला २० टक्केच लागले होते. ऑफिसवाला २३ जुलै २०२४ नंतरचा नियम सांगत होता. आणि न्यू जर्सीवाला अमेरिकेचा कायदा सांगत होता. फक्त हे कुणी बोललं नाही, की मी अमुक देशाचं, अमुक वर्षाचं आणि अमुक माणसाचं सांगतोय.

मी ताईंना आकडा न देता उलट विचारत गेलो. पहिलं विचारलं, विकणारे कोण कोण? तर म्हणे मी आणि भाऊ, निम्मं निम्मं, बाबा सप्टेंबर २०२१ ला गेले, आई आधीच गेली होती. मग भाऊ कुठे राहतो? न्यू जर्सीला, ग्रीन कार्ड आहे, अकरा वर्षं झाली. हे पहिल्या मेसेजमध्ये नव्हतं, कारण ताईंच्या मनात भाऊ म्हणजे घरातला माणूस, त्याचा पासपोर्ट भारतीय, पॅन कार्ड इथलं, मग वेगळं काय सांगायचं? पण नेमकं याच एका गोष्टीने एका फ्लॅटचे दोन पूर्ण वेगळे हिशोब झाले.

आता मुद्दलाचे आकडे. बाबांनी फ्लॅट २००४-०५ मध्ये घेतला, स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन धरून १६ लाख. करार जानेवारी २०२५ ला होणार, ९० लाखाला, सरकारी रेडी रेकनरची किंमत त्याच्या आत होती म्हणून तो प्रश्न आला नाही. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४५ लाख विक्री आणि ८ लाख खरेदी. वारशाने आलेल्या घरात आपल्याकडे खरेदी किंमत बाबांचीच धरतात, आणि घर किती वर्षं ठेवलं हे मोजतानाही बाबांची वर्षं धरतात, म्हणून २४ महिन्यांच्या अटीचा काही त्रास नाही, लाँग टर्मच.

नियम असा बदलला. २३ जुलै २०२४ पासून झालेल्या विक्रीवर साडेबारा टक्के, इंडेक्सेशनशिवाय. पण त्या बजेटनंतर बराच आरडाओरडा झाला, कारण जुनी घरं विकणाऱ्यांना इंडेक्सेशन गेल्याचा मोठा फटका बसत होता, मग सरकारने सुधारणा आणली की २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या जमिनीला किंवा घराला साडेबारा टक्के आणि इंडेक्सेशन धरून २० टक्के या दोन्हींपैकी जो टॅक्स कमी येईल तेवढाच भरायचा. सवलत चांगली आहे. पण ती फक्त रेसिडेंट व्यक्तीला आणि एचयूएफला, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाला. एनआरआयला नाही.

ताईंचा हिशोब करू. साडेबारा टक्क्याने ४५ वजा ८ म्हणजे ३७ लाख नफा, टॅक्स ४,६२,५००. इंडेक्सेशनने बघायचं तर २००४-०५ चा सरकारचा महागाई इंडेक्स ११३ आणि २०२४-२५ चा ३६३, म्हणजे ८ लाखांचे होतात साधारण २५.७० लाख, नफा उरतो १९.३० लाख, त्यावर २० टक्के म्हणजे ३,८६,०१८. हा कमी, म्हणून ताईंना हा. भावाला मात्र पर्यायच नाही, त्याला ४,६२,५००. वरती ४ टक्के सेस दोघांनाही. एकच फ्लॅट, एकच बाप, एकच तारीख, आणि सेस धरून जवळजवळ ८० हजारांचा फरक. आणि हाच करार सहा महिने आधी, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात झाला असता, तर भावालाही इंडेक्सेशन मिळालं असतं आणि दोघांचा टॅक्स सारखा आला असता. आर्थिक वर्ष तेच होतं हे लक्षात घ्या, त्यामुळे नुसतं २०२४-२५ असं सांगूनही भागत नाही, व्यवहाराची तारीख लागते.

वर्षाच्या बाबतीत अजून एक गोष्ट, ही मी डोळ्यांनी बघितलेली आहे. ताईंचा मुलगा हुशार आहे, त्याने स्वतः एक्सेलमध्ये हिशोब करून पाठवला, तर टॅक्स माझ्यापेक्षा अठरा हजारांनी कमी येत होता. मी दोनदा तपासलं, माझं बरोबर होतं. मग त्याची शीट उघडली तर इंडेक्सच्या खान्यात ३७६. तो आकडा २०२५-२६ चा. त्याने माझ्या एका जुन्या मेसेजमध्ये असेसमेंट इयर २०२५-२६ असं वाचलं आणि तेच वर्ष टेबलमधून उचललं. जानेवारी २०२५ ची विक्री म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५, त्याचं असेसमेंट इयर २०२५-२६, आणि इंडेक्स घ्यायचा तो आर्थिक वर्षाचा. माणूस २०२५ म्हणतो तेव्हा तो यातलं नेमकं कुठलं वर्ष म्हणतोय ते विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात ही दोन वर्षांची जोडी काढून नुसतं टॅक्स इयर केलंय, कलमांचे नंबरही बदललेत, तेव्हा इथून पुढे कलम सांगतानाही जुन्या कायद्याचं की नव्या हे सांगावं लागणार. या लेखातली कलमं जुन्या कायद्याची आहेत कारण विक्री तेव्हाची आहे.

इंडेक्स कुठून सुरू करायचा, यावरही ताईंच्या बाबतीत सगळं अवलंबून होतं. कायद्याची भाषा सरळ वाचली तर वारसाने मालमत्ता धरली ते वर्ष, म्हणजे २०२१-२२, त्याचा इंडेक्स ३१७. तसं केलं तर ८ लाखाचे फक्त ९.१६ लाख होतात आणि २० टक्क्याचा पर्याय साडेबारापेक्षा महागच पडतो, म्हणजे सवलत असून नसल्यासारखी. पण मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये, भेट म्हणून मिळालेल्या घराच्या प्रकरणात, आधीच्या मालकाने घर घेतलं त्या वर्षापासून इंडेक्सेशन द्यायला हवं असं सांगितलं, आणि तोच तर्क वारशालाही लावतात. म्हणून २००४-०५ आणि ११३. बाबांचा मूळ करारनामा कपाटात सापडला नसता तर हे सगळं अडलं असतं, त्यामुळे घर विकायच्या आधी तो कागद शोधा.

आता सगळ्यात धोक्याची जागा, ती टॅक्सची नाही, टीडीएसची, म्हणजे खरेदीदाराने पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायच्या रकमेची. एजंटने खरेदीदाराला सांगून ठेवलं होतं की एक टक्का कापा आणि ऑनलाइन भरा, झालं. ताईंच्या ४५ लाखांवर ते बरोबर होतं. एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असली की एक टक्का, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या विकणाऱ्यांचे हिस्से मिळून ती मर्यादा बघतात हे कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. त्याआधी हिस्सा पन्नासच्या आत आहे म्हणून काही जण कापत नव्हते, त्यावर वाद चालायचे. इथे एकूण ९० लाख, तेव्हा ताईंचे ४५ हजार कापायचे, फॉर्म २६क्यूबी भरायचा.

पण भावाच्या ४५ लाखांवर एक टक्क्याचं कलमच लागत नाही. तिथे कलम १९५, त्यात ५० लाखाची मर्यादा नाही, दर साडेबारा टक्के अधिक सेस म्हणजे १३ टक्के, आणि अधिकाऱ्याचं कमी कपातीचं सर्टिफिकेट हातात नसेल तर खरेदीदार सुरक्षित राहायला पूर्ण हिश्श्यावरच कापतो, नुसत्या नफ्यावर नाही. म्हणजे ५,८५,००० रुपये. वर खरेदीदाराला त्यासाठी टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा नंबर, घ्यावा लागला आणि तिमाहीचं २७क्यू रिटर्न भरावं लागलं. एजंटच्या सांगण्याप्रमाणे ४५ हजार कापले असते तर ५ लाख ४० हजार कमी कापल्याची जबाबदारी खरेदीदाराच्या डोक्यावर आली असती, व्याजासकट. तो बिचारा कळव्यात भाड्याने राहणारा, लोन काढून पहिलं घर घेणारा मुलगा. त्याने काहीही चूक केलेली नसताना नोटीस त्याच्या नावाने आली असती. प्रश्नात "भाऊ परदेशात असतो" एवढे तीन शब्द राहिले तर नुकसान प्रश्न विचारणाऱ्याचंच होतं असं नाही, समोरच्या तिसऱ्याचं पण होतं, आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

ताईंनी तेव्हा विचारलं, "पण दादा, तो तर भारतीय नागरिक आहे ना अजून?" नागरिकत्वाचा इथे संबंध नाही, भारतात त्या आर्थिक वर्षात किती दिवस राहिला ते बघतात. बाहेर राहणारा भारतीय नागरिक भेटीला आला तर साधारणपणे १८२ दिवसांची मर्यादा, पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं की ती काही अटींसह १२० दिवसांवर येते. आणि इथे गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे, फ्लॅटचा ३७ लाख नफा हेच भारतातलं उत्पन्न, तेव्हा त्याला १२० चीच मर्यादा बघायची होती. मी पासपोर्टच्या शिक्क्यांचे फोटो मागवले. त्या वर्षात तो एकूण ४१ दिवस इथे होता. मग तो नॉन-रेसिडेंट, विषय संपला. हाच माणूस त्या वर्षी कुणाच्या आजारपणात पाच महिने इथे राहिला असता तर मला सगळा हिशोब नव्याने मांडायला लागला असता.

ताईंची पेन्शन आहे, ती बेसिक मर्यादेच्या वर जाते, म्हणून एक मुद्दा सोडून दिला. पण त्यांना दुसरं काही उत्पन्न नसतं तर रेसिडेंट म्हणून न वापरलेली बेसिक मर्यादा या नफ्यातून वजा करता आली असती. एनआरआयला तेही मिळत नाही.

आता भावाची बाजू, आणि इथे देश खऱ्या अर्थाने बदलतो. अमेरिका आपल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना जगभरच्या उत्पन्नावर टॅक्स लावते. भारत-अमेरिका कर करारात कॅपिटल गेनवर दोन्ही देश आपापल्या कायद्याने टॅक्स लावू शकतात असं आहे, त्यामुळे इथे भरला म्हणजे तिथे सुटला असं आपोआप होत नाही. पण तिथला कायदा नफा मोजतो वेगळ्या पद्धतीने. वारशाने आलेल्या मालमत्तेची किंमत तिथे मृत्यूच्या तारखेच्या बाजारभावाची धरतात, म्हणजे त्या मित्राने सांगितलेलं खरं होतं. सप्टेंबर २०२१ ची किंमत व्हॅल्युअरने ८० लाख काढली, भावाचे ४० लाख. तेव्हा डॉलर साधारण ७४ रुपयांना होता, म्हणजे ५४ हजार डॉलर. जानेवारी २०२५ ला डॉलर ८६ च्या आसपास, म्हणजे ४५ लाखांचे ५२ हजारच डॉलर. इथे ३७ लाखांचा नफा, आणि त्याच विक्रीत तिथे थोडासा तोटा. मी त्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "मग इथे क्रेडिट कशाचं घेऊ?" बरोबर विचारलं त्याने. भारतात भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट तिथल्या टॅक्सपुरतंच मिळतं, आणि तिथे या व्यवहारावर टॅक्सच नाही. म्हणजे भारतातला टॅक्स हा पूर्ण खिशातून गेलेला खर्च.

मग मी अजून एक प्रश्न विचारला होता जो भारतातल्या हिशोबासाठी अजिबात लागत नाही. घर वारशानेच आलं ना, की बाबांनी हयातीत गिफ्ट डीड केलं होतं? महाराष्ट्रात राहतं घर मुलाला-मुलीला गिफ्ट करायला स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये आहे, म्हणून बरेच आई-वडील जिवंतपणीच नाव लावून टाकतात, आणि भारतात टॅक्सला त्याने काहीही बदलत नाही, दोन्हीकडे बाबांचीच किंमत. पण अमेरिकेत गिफ्ट असेल तर मृत्यूच्या तारखेची किंमत मिळत नाही, देणाऱ्याचीच खरेदी किंमत पुढे चालते. तसं असतं तर भावाचा तिथला नफा ३४ हजार डॉलरच्या घरात गेला असता, त्यावर तिथे टॅक्स आला असता, आणि मग भारतातल्या टॅक्सचं क्रेडिट तिथे कामाला आलं असतं. सोसायटीची, रजिस्ट्रेशनची फाइल बघून खात्री केली, नामांकन आणि नंतर वारस म्हणूनच नावं लागली होती. भाऊ दुबईत असता तर हा सगळा परिच्छेद लागलाच नसता, तिथे व्यक्तीला इन्कम टॅक्स नाही, फक्त भारताचा हिशोब करून मोकळं.

या उत्तरावरच पुढचा निर्णय ठरला. भावाला वाटत होतं की तो न्यू जर्सीत घर घेतोय तेव्हा कलम ५४ मध्ये, म्हणजे घर विकून दुसरं घर घेण्याबद्दलची, सूट मिळेल. पूर्वी परदेशातल्या घरालाही काही निकालांमध्ये सूट मिळाली होती, पण २०१४ च्या दुरुस्तीने कलमात "भारतातलं घर" असं स्पष्ट आलं, त्यामुळे तो रस्ता बंद. राहिले ५४ईसी चे बाँड, आरईसी, पीएफसी वगैरे सरकारी कंपन्यांचे, त्यात नफा गुंतवला की तेवढ्यावर टॅक्स नाही, विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यायचे, मर्यादा ५० लाख, पाच वर्षं पैसे अडकतात. घर गिफ्टने आलं असतं तर मी त्याला हे बाँड घ्या असं सहज म्हटलं नसतं, कारण इथला टॅक्स वाचवला की तिथलं क्रेडिट कमी होऊन तिथे भरावा लागला असता. पण इथे तिकडे शून्य होतं, म्हणून भारतात वाचलेला प्रत्येक रुपया खरोखर वाचणार होता. तरी त्याला डाउन पेमेंटला पैसे हवे होते, सगळे ३७ लाख अडकवायचे नव्हते. त्याने २० लाखांचे बाँड घेतले. उरले १७ लाख, त्यावर साडेबारा टक्के आणि सेस मिळून २,२१,०००.

कमी कपातीच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज करायचा विचार झाला होता, पण खरेदीदाराचं लोन मंजूर होऊन बसलं होतं आणि त्याला घरमालकाने फेब्रुवारीत खोली सोडायला सांगितली होती, तेव्हा दोघा बहीणभावांनी ठरवलं की थांबायचं नाही, जास्त कापले तर कापू देत. करार जानेवारीत झाला, ताईंचे ४५ हजार आणि भावाचे ५,८५,००० कापले गेले, दोन्ही पॅनवर ते दिसल्यावरच मी निश्चिंत झालो. ताईंनी उरलेल्या रकमेचा अॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चच्या आत भरला. भावाने असेसमेंट इयर २०२५-२६ चं रिटर्न भरून ३,६४,००० परत मागितले. आधी तो फ्लॅटचे पैसे अमेरिकेत नेले की इथलं एनआरओ खातं, म्हणजे एनआरआयचं भारतातल्या पैशांसाठीचं बँक खातं, बंद करणार होता, मी त्याला रिफंड जमा होईपर्यंत ते चालू ठेवायला सांगितलं, कारण पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं तेवढं एकच खातं होतं त्याचं.